प्रवर्तित विद्युतधारेची दिशा : लेंझच्या नियमाचा इतिहास आणि त्यामागील कारणमीमांसा

प्रस्तावना

तारेच्या कुंडलातून जाणारा चुंबकीय अभिवाह, म्हणजेच अध्यापनात रूढ असलेल्या शब्दात फ्लक्स, बदलला की त्या कुंडलात विद्युतचालक प्रेरणा निर्माण होते. ज्या बदलामुळे ती निर्माण झाली, त्या बदलाला विरोध करणारी दिशा तिला लाभते. पदवी अभ्यासक्रमात हा विषय ठरावीक क्रमाने येतो. प्रथम मायकेल फॅरेडेचा नियम, मग त्यातील ऋण चिन्हाच्या स्पष्टीकरणासाठी लेंझचा नियम, आणि शेवटी 'हे ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे घडते' असे एक वाक्य. हा क्रम तर्काच्या दृष्टीने सोयीचा आहे; परंतु इतिहासात घटना या क्रमाने घडल्या नाहीत. लेंझने आपला नियम मांडला तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व विज्ञानात प्रस्थापित झालेले नव्हते, आणि त्याच्या मूळ विधानात अभिवाह हा शब्दही नव्हता. मग हा नियम त्याच्या हाती कसा लागला आणि त्याला 'कारण' केव्हा मिळाले, या दोन प्रश्नांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. विरोध दिसला, पण ओळखला गेला नाही

विद्युतधारेमुळे चुंबकसूची विचलित होते, हे हान्स ख्रिश्चन ऑर्स्टेड याने १८२० मध्ये दाखवून दिले. त्यानंतर उलट प्रश्न अनेकांच्या मनात आला : चुंबकापासून विद्युतधारा मिळेल काय? या शोधाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचून परतलेल्यांत आंद्रे मारी अँपिअर होता. १८२२ मध्ये जिनिव्हा येथे त्याने धारावाही कुंडलाच्या आत तांब्याचे कडे टांगले आणि जवळ चुंबक आणला, तेव्हा कडे विचलित झाले. परंतु त्या निरीक्षणाला त्याने त्या वेळी महत्त्व दिले नाही.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. १८२४ च्या सुमारास फ्रांस्वा आरागो याच्या लक्षात आले की आंदोलन करणारी चुंबकसूची तांब्याच्या पत्र्याजवळ असली तर लवकर स्थिरावते. पुढे त्याने तांब्याची चकती सूचीखाली फिरवली, तेव्हा सूची चकतीच्या दिशेने ओढली जाऊन फिरू लागली. तांबे चुंबकाला आकर्षित करीत नाही. तरीही स्थिर तांबे हलत्या सूचीला थांबवते आणि हलते तांबे स्थिर सूचीला सोबत नेते. दोन्ही प्रयोगांत सूची आणि तांबे यांच्यातील सापेक्ष गतीच कमी होते. आज या दोन्ही प्रयोगांत लेंझचा नियम उघड दिसतो. तांब्यात विद्युतधारा वाहत आहे ही कल्पनाच कुणाला नसल्याने त्या काळी मात्र ते एक कोडे होऊन बसले.

२. फॅरेडे : क्षणिक धारा आणि तिच्या दोन दिशा

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडेने नरम लोखंडाचे एक कडे घेतले. त्याचा बाहेरील व्यास ६ इंच होता. कड्याच्या एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरे अशी तारेची कुंडले गुंडाळलेली होती. दुसऱ्या कुंडलाची तार सुमारे तीन फुटांवरील चुंबकसूचीवरून नेलेली होती. पहिले कुंडल विद्युतघटमालेला जोडताच सूची हलली, काही वेळ डोलली आणि पुन्हा मूळ जागी स्थिरावली. घटमाला जोडलेली असेपर्यंत पुढे काहीही घडले नाही. जोड तोडताच सूची पुन्हा हलली.

फॅरेडेपूर्वीच्या संशोधकांना अपयश का आले, याचे उत्तर या निरीक्षणात आहे. ते सर्व स्थिर धारेपासून स्थिर परिणामाची अपेक्षा करीत होते. प्रत्यक्षात परिणाम बदलाच्या क्षणापुरताच असतो. जिनिव्हाच्या झां दानिएल कोलादों याने १८२५ मध्ये चुंबकाचा थेट प्रभाव पडू नये म्हणून गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला होता. चुंबक कुंडलात घालून तो त्या खोलीत पोहोचेपर्यंत सूची पुन्हा शांत झालेली असे.

धारा क्षणिक असल्याने तिची दिशा निश्चित करणे हीदेखील अडचण होती. डोलणारी सूची नेमकी कोणत्या बाजूस प्रथम वळली, हे डोळ्यांनी ठरवण्यात चूक होऊ शकते. फॅरेडेने यावर साधा उपाय योजला. त्याने लाकडी ठोकळ्यावर दोन लांब तारा एकमेकींशेजारून गुंडाळल्या आणि दुसऱ्या तारेच्या मंडलात काचेच्या नळीभोवती गुंडाळलेले लहान पोकळ कुंडल जोडले. त्या नळीत पोलादी सुई ठेवून पहिल्या तारेतील जोड केला आणि जोड तोडण्यापूर्वी सुई बाहेर काढली, तर सुई चुंबकित झालेली आढळे. उलट, जोड आधीच केलेला असताना सुई आत ठेवली आणि मग जोड तोडला, तरीही सुई चुंबकित होई. मात्र तिचे ध्रुव उलट असत. क्षणात लुप्त होणाऱ्या धारेची दिशा अशा प्रकारे सुईवर कायमची नोंदली जाई. निष्कर्ष असा निघाला की जोड करताना प्रवर्तित धारा मूळ धारेच्या उलट दिशेने, तर जोड तोडताना मूळ धारेच्याच दिशेने वाहते.

ऑक्टोबरमध्ये फॅरेडेने पोकळ कुंडलात दंडचुंबक घालून व काढून धारा मिळवली, तसेच मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून अखंड धाराही मिळवली. त्यामुळे आरागोच्या कोड्याचा उलगडा झाला. २४ नोव्हेंबर १८३१ रोजी हे निष्कर्ष रॉयल सोसायटीत वाचले गेले. परंतु दिशेच्या बाबतीत त्याच्या निबंधात एकसंधता नव्हती. धारेने होणाऱ्या प्रवर्तनासाठी 'जोड करताना उलट, तोडताना सुलट' हा एक नियम, तर चुंबकाजवळ हलणाऱ्या तारेसाठी चुंबकीय वक्ररेषा कापण्याच्या दिशेवर आधारित दुसरे वर्णन. हा संबंध अत्यंत साधा असला तरी शब्दांत मांडणे कठीण आहे, अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे.

३. लेंझ : दोन शास्त्रांमधील आरसा

हाइन्रिख फ्रीड्रिख एमिल लेंझ (१८०४–१८६५) हा दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथे जन्मलेला आणि सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत कार्यरत असलेला भौतिकशास्त्रज्ञ होता. दिशेच्या नियमाकडे वळण्यापूर्वीच त्याने प्रवर्तनाचे काटेकोर मापन केले होते. समान परिस्थितीत निर्माण होणारी विद्युतचालक प्रेरणा कुंडलातील वेढ्यांच्या संख्येच्या प्रमाणात असते आणि तारेचे द्रव्य किंवा जाडी यांवर अवलंबून नसते, असे त्याला आढळले होते. त्याचा दिशाविषयक निबंध नोव्हेंबर १८३३ मध्ये अकादमीत वाचला गेला आणि १८३४ मध्ये पोग्गेनडोर्फ यांच्या संपादकत्वाखालील 'आनालेन देर फिजिक उंड केमी' या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

फॅरेडेच्या मांडणीतील दोन वेगवेगळे नियम लेंझला खटकले. त्याने एक निराळा प्रश्न विचारला : अँपिअरच्या शास्त्रात धारा दिली असता वाहक कोणत्या दिशेने हलेल हे ठाऊक आहे, प्रवर्तनात वाहक हलवला असता धारा कोणत्या दिशेने वाहेल हे हवे आहे, तर या दोहोंत काही जुळणी आहे काय? त्याला आढळलेल्या उत्तराचा आशय असा : वाहक चुंबकाजवळ किंवा धारेजवळ हलवला असता त्यात अशा दिशेची धारा उद्भवते, की तो वाहक स्थिर असता तर त्या धारेमुळे तो दिलेल्या गतीच्या नेमक्या उलट दिशेने हलला असता.

एका उदाहरणाने ही पद्धत स्पष्ट होते. समांतर तारांतील धारा एकाच दिशेने वाहत असतील तर तारा परस्परांना आकर्षित करतात, विरुद्ध दिशांनी वाहत असतील तर दूर लोटतात, हे अँपिअरने दाखवले होते. आता एका तारेत धारा वाहत आहे आणि दुसरी, बंद मंडलाचा भाग असलेली, धाराहीन तार तिच्याजवळ आणली जात आहे असे समजू. गती जवळ येण्याची असल्याने प्रवर्तित धारेने तारांना दूर लोटले पाहिजे. म्हणजे ती मूळ धारेच्या विरुद्ध दिशेची असली पाहिजे. तार दूर नेताना तिने आकर्षण निर्माण केले पाहिजे. म्हणजे ती मूळ धारेच्याच दिशेची असली पाहिजे. फॅरेडेच्या पोलादी सुईने दिलेले उत्तरही याच स्वरूपाचे आहे. मूळ तारेत धारा सुरू करणे म्हणजे धारावाही तार अनंत अंतरावरून एकाएकी जवळ आणणे, आणि धारा बंद करणे म्हणजे ती एकाएकी दूर नेणे असे मानले की त्याचे दोन्ही नियम एका वाक्यात सामावतात.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. लेंझच्या विधानात 'का' या प्रश्नाला उत्तर नाही. धारेमुळे गती आणि गतीमुळे धारा या दोन घटना एकमेकींच्या आरशातील प्रतिमांप्रमाणे आहेत, एवढेच त्याने दाखवले. प्रतिमा उलट का, याचे कारण त्याने दिले नाही.

४. ऊर्जेचा हिशेब

हे कारण चौदा वर्षांनी मिळाले. १८४३ मध्ये जेम्स प्रेस्कॉट जूल याने हाताने फिरवलेल्या विद्युतचुंबकीय यंत्रातून मिळणारी उष्णता मोजली आणि ती खर्च झालेल्या यांत्रिक कार्याशी ठरावीक प्रमाणात असल्याचे दाखवले. फ्रांट्स न्यूमान याने १८४५ मध्ये लेंझच्या नियमाचा आधार घेऊन प्रवर्तनाचे गणिती सूत्र मांडले. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ याने १८४७ मध्ये 'बलाच्या अक्षय्यतेविषयी' हा निबंध लिहिला. लेंझचा निबंध छापणाऱ्या 'आनालेन'ने तो स्वीकारला नाही. त्यामुळे तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात बर्लिन येथे प्रसिद्ध झाला.

त्यातील प्रवर्तनाविषयीचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. घटाला जोडलेल्या मंडलाजवळ चुंबक मोकळा सोडला आणि तो मंडलाकडे ओढला गेला, तर त्याला गतिज ऊर्जा मिळते. ही ऊर्जा कोठून आली? मंडलात फक्त घट ऊर्जा पुरवतो आणि एरवी ती सर्व तारेच्या उष्णतेत जाते. चुंबकालाही ऊर्जा मिळायची असेल तर उष्णतेच्या वाट्याला येणारी ऊर्जा तेवढी कमी झाली पाहिजे. याचा अर्थ चुंबक हलत असताना मंडलातील धारा घटली पाहिजे, म्हणजेच घटाच्या विरोधात एक विद्युतचालक प्रेरणा उद्भवली पाहिजे. लेंझला जो 'विरोध' निरीक्षणातून आढळला होता, तो येथे हिशेबाची अपरिहार्य बाजू म्हणून आला.

लेआँ फूको याने १८५५ मध्ये या हिशेबाची प्रत्यक्ष जाणीव करून दिली. विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये वेगाने फिरणारी धातूची चकती चुंबक सुरू करताच झपाट्याने मंदावते. आणि हाताने जोर लावून तिला फिरवत ठेवले तर ती तापते. हाताने केलेले कार्य चकतीतील भोवरी धारांवाटे उष्णता होऊन प्रकट होते.

५. एक उदाहरण : दिशा उलटी असती तर?

विरोधाची अपरिहार्यता अंकांत पाहणे उद्बोधक ठरेल. दोन समांतर आडव्या रुळांवर धातूची सळई घर्षणाविना सरकते आहे. रुळांमधील अंतर ०.२ मीटर, सळईचे वस्तुमान ०.१ किलोग्रॅम, मंडलाचा रोध ०.१ ओहम आणि उभ्या दिशेतील चुंबकीय क्षेत्र ०.५ टेस्ला आहे. सळईला प्रतिसेकंद ३ मीटर वेग देऊन सोडून दिले. निर्माण होणारी विद्युतचालक प्रेरणा ही क्षेत्र, लांबी आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे ०.३ व्होल्ट. त्यामुळे धारा ३ अँपिअर, आणि त्या धारेवर क्षेत्राने लावलेले बल ०.३ न्यूटन. विद्युतशक्ती ०.३ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, म्हणजे ०.९ वॅट. हे बल गतीच्या विरुद्ध असेल तर सळई ज्या दराने ऊर्जा गमावते तो दर ०.३ न्यूटन गुणिले ३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे पुन्हा ०.९ वॅट. जमाखर्च तंतोतंत जुळतो. सळईचा वेग एका सेकंदात सुमारे १.१ मीटर प्रतिसेकंद एवढा उरतो. ती एकूण ३ मीटर अंतर काटते आणि तिची आरंभीची ०.४५ जूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते.

आता धारेची दिशा उलट आहे असे समजू. तेच ०.३ न्यूटन बल सळईला पुढे ढकलेल. वेग वाढल्याने धारा वाढेल, धारा वाढल्याने बल वाढेल. वरील आकड्यांनुसार वेग दर सेकंदाला सुमारे २.७ पट होत जाईल आणि दहा सेकंदांअखेर तो प्रतिसेकंद सुमारे ६६ किलोमीटर झालेला असेल. त्याच वेळी तारही तापत राहील. कोणताही घट नाही, कोणी ढकलत नाही, आणि तरीही गती व उष्णता दोन्ही फुकट मिळत आहेत. सळई अगदी हलकेच ढकलली तरी हेच घडेल. किंबहुना उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांत होणारी यादृच्छिक हालचालही असा भडका उडवण्यास पुरेशी ठरेल. अशा विश्वात धातूचा तुकडा चुंबकाजवळ स्थिर राहूच शकला नसता.

याच सळईत विरोधाचे दुसरे, अधिक थेट कारणही दिसते. क्षेत्र ऊर्ध्व दिशेने आणि सळई पूर्वेकडे जात आहे असे मानू. चुंबकीय बल नेहमी गतीला काटकोनात असते. वरून पाहता धन प्रभाराच्या गतीची दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे काटकोनात वळवली की बलाची दिशा मिळते. पूर्वेकडे जाणाऱ्या प्रभारांवर दक्षिणेकडे बल लागते आणि सळईत दक्षिणेकडे धारा वाहते. आता त्या दक्षिणवाही धारेवर पुन्हा तोच नियम लावला तर दिशा आणखी एका काटकोनात वळते आणि बल पश्चिमेकडे लागते. एकाच बाजूला घेतलेली दोन पाव वळणे मिळून अर्धे वळण होते. म्हणून विरोध टळू शकत नाही. प्रभार ऋण मानले तरी धारेची दिशा तीच राहते. कुंडल स्थिर असून क्षेत्रच बदलत असेल, तर हा युक्तिवाद लागू पडत नाही, कारण तेथे प्रभारांना मुळात गती नसते. तेथे बदलत्या क्षेत्रासोबत येणारे विद्युतक्षेत्र मानावेच लागते. त्याची दिशा ऋण चिन्हाने सांगितली जाते :

e = −dΦ/dt

६. 'विरोध' या शब्दाच्या मर्यादा

विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारी चूक म्हणजे प्रवर्तित धारा चुंबकीय क्षेत्राला विरोध करते असे समजणे. विरोध क्षेत्राला नसून बदलाला असतो. हलक्या दांडीच्या टोकाला अॅल्युमिनियमचे कडे बसवून ती दांडी टोकदार आधारावर फिरती ठेवली की हे स्पष्ट होते. चुंबक कड्यात शिरू लागला की कडे दूर पळते. चुंबक मागे घेतला की तेच कडे त्याच्या मागोमाग येते. कड्याला एक बारीक फट पाडली तर ते जागचे हलत नाही. फट असलेल्या कड्यातही विद्युतचालक प्रेरणा निर्माण होते, पण धारा वाहू शकत नाही. आणि धारा नसेल तर विरोधी बलही नसते. विरोध करते ती धारा. प्रेरणा केवळ तिची दिशा सुचवते.

दुसरी मर्यादा विरोधाच्या मात्रेविषयी आहे. नियम दिशा सांगतो, यश सांगत नाही. सामान्य तारेतील रोधामुळे धारा ओसरते आणि शेवटी अभिवाह बदलतोच. रोध शून्य असलेल्या अतिसंवाहक कड्यात मात्र धारा ओसरत नाही आणि कड्यातील एकूण अभिवाह जसाच्या तसा राहतो. तिसरी मर्यादा प्रत्यावर्ती धारेच्या मंडलांत जाणवते. प्रवर्तित प्रेरणा नियमाबरहुकूमच असते. परंतु मंडलात योग्य मूल्याचे धारित्र जोडले असेल तर धारा प्रेरणेच्या पुढे सरकते, आणि त्या धारेचे स्वतःचे क्षेत्र मूळ क्षेत्राला विरोध करण्याऐवजी बळ देऊ शकते. म्हणून आजच्या भाषेत लेंझचा नियम प्रेरणेच्या दिशेविषयी मांडणे अधिक काटेकोर ठरते. धारेची दिशा व वेळ मंडलातील घटकांवर अवलंबून असते.

समारोप

आरागोच्या सूचीत विरोध दिसला, फॅरेडेच्या पोलादी सुईने त्याची दिशा नोंदली, लेंझने ती एका वाक्यात बांधली आणि हेल्महोल्ट्झने त्या वाक्याला कारण दिले. यातील अखेरचे पाऊल वर्गात पहिले म्हणून सांगितले जाते. त्यामुळे लेंझचा नियम हा ऊर्जेच्या तत्त्वाचा उपसिद्धांत होता असा समज होतो. वस्तुस्थिती अशी की लेंझने तो अँपिअरच्या यांत्रिक घटनांशी जुळणी करून निरीक्षणातून मिळवला, आणि जे तत्त्व आज त्याचे कारण म्हणून सांगितले जाते, त्याला प्रवर्तनाच्या क्षेत्रात उतरताना हाच नियम तयार मिळाला. ऋण चिन्ह शिकवताना ०.९ वॅटचे दोन्ही बाजूंचे आकडे फळ्यावर शेजारीशेजारी मांडले, तर विद्यार्थ्याला ते पाठ करावे लागणार नाही.